इंग्रजी-मराठी अनुवादाचा भाव ठरवताना दुसऱ्यांची प्रोफाइलं कशी वाचावीत

तालुक्याच्या गावात बसून इंग्रजीतून मराठीत अनुवाद करणारे बरेच जण भाव ठरवताना एकच गोष्ट करतात. फाइव्हर किंवा अपवर्क उघडायचं, पहिल्या पानावरचे पाच-सहा भाव बघायचे, त्यातल्या सगळ्यात कमी भावापेक्षा थोडा कमी आकडा टाकायचा. मग महिनाभर काम येत नाही, किंवा येतं ते इतकं स्वस्त असतं की रात्री जागून केलं तरी हाती मजुरीसुद्धा पडत नाही. दुसऱ्यांचे भाव बघण्यात काही चूक नाही. घोळ होतो तो बघण्याच्या क्रमात, आणि दिसलेला आकडा कशाचा आहे हे न तपासण्यात.

पुढचे टप्पे इंग्रजी-मराठी अनुवादाचं एकच उदाहरण धरून लिहिले आहेत. समजा, यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळच्या एका गावात एक अनुवादक आहे. घरची सात एकर शेती आहे, त्यात कपाशी, तूर आणि सोयाबीन. शेतीची कामं सांभाळून तिला रोज चार तास अनुवादाला देता येतात. उदाहरणातले भाव हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, त्यांना बाजारभाव समजू नका. डॉलरही हिशेबापुरता 85 रुपये धरला आहे.

## टप्पा 1: दुसऱ्यांकडे बघण्याआधी आपला तळभाव काढा

हे काम पहिल्यांदा करायचं, आणि ब्राउझर बंद ठेवून. दुसऱ्याचा आकडा एकदा डोळ्यांत भरला की आपला खर्चही आपण त्याच आकड्यात बसवायला लागतो. खरा तळभाव मग निघतच नाही.

तळभाव म्हणजे ज्याच्या खाली काम घेतलं तर घरून भर घालावी लागेल तो भाव. त्यासाठी दोन आकडे लागतात: स्वतःचा वेग, आणि महिन्याची गरज.

वेग अंदाजानं सांगू नका. नेहमीच्या विषयातला 1000 इंग्रजी शब्दांचा मजकूर घ्या आणि घड्याळ लावून बसा. पहिला मसुदा, स्वतःची तपासणी, शब्द शोधण्यात गेलेला वेळ, फाइलची मांडणी, मेल आणि बिल हे सगळं धरा. आपल्या उदाहरणात मसुद्याला 3 तास 20 मिनिटं लागली, तपासणीला 50 मिनिटं, फाइल-मेल-बिलाला 20 मिनिटं. एकूण साडेचार तास. बहुतेक जण फक्त मसुद्याचा वेळ मोजतात आणि तळभाव सुरुवातीलाच पाव हिश्श्यानं खाली येतो.

आता गरज. तिला या कामातून महिन्याला 18,000 रुपये घरात यायला हवेत. इंटरनेट, विजेचा वाटा, इन्व्हर्टर आणि लॅपटॉपची झीज, तालुक्याच्या फेऱ्या मिळून 3,000 रुपये. म्हणजे 21,000. रोजचे चार तास गुणिले 25 दिवस म्हणजे 100 तास, पण शंभरच्या शंभर तासांचे पैसे कधीच मिळत नाहीत. काम शोधणं, चाचणी-अनुवाद, प्रस्ताव लिहिणं, वीज गेलेले दिवस, पेरणी आणि वेचणीचे दिवस यांत 40 तास जातात. उरतात 60.

21,000 भागिले 60 म्हणजे तासाला 350 रुपये. 1000 शब्दांना साडेचार तास लागतात, म्हणजे 1,575 रुपये. मूळ इंग्रजी शब्दामागे झाले 1 रुपया 58 पैसे. तळभाव धरू 1.60. हा आकडा वहीत लिहा आणि त्यावर तारीख टाका.

तपासा: तळभाव काढताना 60 तासांऐवजी 100 तासांनी भागलंय का? तसं केलं तर आकडा साधारण 95 पैशांवर येतो. हा भाव कागदावर चालेल, महिनाअखेरीस चालणार नाही.

## टप्पा 2: कोणाची प्रोफाइलं बघायची ते ठरवा

बारा ते पंधरा प्रोफाइलं पुरतात. पन्नास बघितली तर नोंदी अर्धवट राहतात आणि शेवटी लक्षात राहतो तो फक्त सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग भाव.

निवडताना भाषेची दिशा आधी बघा. मराठीतून इंग्रजीत करणाऱ्याचा भाव आपल्या उपयोगाचा नाही, कारण तिथं गिऱ्हाईक वेगळं असतं आणि भावही वेगळा. मग बघा, समोर माणूस आहे की एजन्सी. एकाच प्रोफाइलवर मराठी, तमिळ, बंगाली, गुजराती अशा आठ-दहा भाषा असतील, मजकुरात सगळीकडे ‘आमची टीम’ असेल, तर तो भाव एजन्सीनं गिऱ्हाईकाला सांगितलेला असतो. त्यातला काही हिस्साच अनुवादकाच्या हातात पडतो. असे भाव फेकू नका, पण ‘एजन्सी’ म्हणून वेगळ्या गटात टाका. थेट गिऱ्हाईक जास्तीत जास्त किती देतं, याचा अंदाज त्यातून येतो.

शोधण्यासाठी गूगलच्या चौकटीत हे टाकता येतं:

```
site:proz.com "English to Marathi" agriculture
site:fiverr.com "english to marathi" translate
```

इनकॉग्निटो विंडोमध्ये शोधा, नाहीतर आधी बघितलेलीच पानं वर येत राहतात. फाइव्हरवर पानाच्या तळाशी चलन बदलता येतं. तिथं एकच चलन ठरवून सगळ्या नोंदी त्यातच करा. निम्म्या नोंदी रुपयांत आणि निम्म्या डॉलरमध्ये झाल्या की तुलना तिथंच फसते.

एक गोष्ट हमखास सुटते. शोधात पहिल्या पानावर येतात ते बहुतेक करून चाललेले लोक. त्यांच्यात बरेच स्वस्त दिसले म्हणून ‘स्वस्त असेल तर चालतं’ असं वाटतं. म्हणून तिसऱ्या-चौथ्या पानावरच्या निदान चार प्रोफाइलांची नोंद घ्या. तिथं तेवढ्याच किंवा त्याहून कमी भावात बसलेली, एकही रिव्ह्यू नसलेली माणसं सापडतात. सारख्याच भावात एकाला काम आहे आणि दुसऱ्याला नाही, याचा अर्थ काम भावामुळे मिळत नाहीये. मग कशामुळे मिळतंय ते त्या दोघांची पानं शेजारीशेजारी उघडून बघा: शीर्षक, नमुना, विषय, उत्तर देण्याचा वेळ.

इशारा: भाव काढण्यासाठी खोटं गिऱ्हाईक बनून कोणाला मेसेज करू नका. समोरचा माणूस तुमच्या खोट्या चौकशीवर अर्धा तास घालवतो, आणि या छोट्या भाषाजोडीत पुढे कधीतरी त्याच्याच सोबत एखाद्या मोठ्या कामात बसायची वेळ येते. उघड दिसतं तेवढंच वाचा. प्रोफाइलं आपोआप उतरवून घेणारी साधनंही वापरू नका, बऱ्याच मंचांच्या अटींत त्याला मनाई असते. पंधरा पानं हातानं बघायला एक दुपार पुरते.

## टप्पा 3: सगळे भाव एकाच मापात आणा

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून या टप्प्याला घाई करू नका. बाजारात कापूस क्विंटलनं आणि संत्री हजारी किंवा टनावर विकली जातात, तसंच इथंही आहे. कोणी शब्दामागे सांगतं, कोणी पानामागे, कोणी तासामागे, कोणी पॅकेजमध्ये. माप एक केल्याशिवाय स्वस्त काय नि महाग काय ते कळत नाही.

आपलं माप ठरवा: मूळ इंग्रजी शब्दामागे, कमिशन जाऊन हाती येणारे रुपये.

‘मूळ’ या शब्दावर जोर का? मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, त्यामुळे शब्दसंख्या घटते. ‘इन द फील्ड ऑफ द फार्मर’ हे इंग्रजीत सहा शब्द आहेत, मराठीत ‘शेतकऱ्याच्या शेतात’ हे दोन. पूर्ण मजकुरात फरक इतका मोठा नसतो, पण तो असतोच. स्वतःच्या पाच-सहा जुन्या फाइलांत दोन्ही बाजूंचे शब्द मोजून प्रमाण काढा. समजा 1000 इंग्रजी शब्दांचे 780 मराठी शब्द होतात. मग कोणी ‘मराठी शब्दाला 2 रुपये’ म्हणत असेल, तर मूळ शब्दामागे त्याला 1 रुपया 56 पैसे पडतात. दिसायला हा भाव आपल्या तळभावाच्या बराच वर आहे, प्रत्यक्षात खाली आहे.

पानाचा भाव आणखी फसवा असतो. एका पानात 250 शब्द धरणारे आहेत, तसंच लीगल कागदावर बारीक अक्षरात 400 शब्द बसवणारेही आहेत. प्रोफाइलवर पानाचे शब्द लिहिले नसतील तर नोंद करा, पण तुलनेत घेऊ नका. तहसील किंवा कोर्टाच्या आवारात टायपिंगसकट पानामागे घेतले जाणारे भावही यात मिसळू नका. ते गिऱ्हाईक वेगळं आहे, त्याला त्याच दिवशी कागद हातात हवा असतो.

आता शीट बनवा. रकाने असे: A मध्ये नावाऐवजी प्रोफाइलची खूण (क, ख, ग), B मध्ये मंच, C मध्ये माप, D मध्ये लिहिलेला भाव, E मध्ये त्या भावात किती इंग्रजी शब्द, F मध्ये कमिशन, G मध्ये उत्तर, H मध्ये चलनाचा दर (रुपयांसाठी 1, डॉलरसाठी 85). G2 मध्ये हे सूत्र:

```
=D2*(1-F2)*H2/E2
```

फाइव्हर विक्रेत्याकडून 20 टक्के घेतं, म्हणून F मध्ये 0.20. अपवर्कचं कमिशन 2025 पासून नव्या करारांसाठी 0 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान बदलतं आणि प्रस्ताव पाठवण्याआधी त्याच पानावर दिसतं. दुसऱ्याचं नक्की किती ते आपल्याला दिसत नाही, तेव्हा 0.10 धरून चाला. प्रोझ या अनुवादकांच्या साइटवरून थेट गिऱ्हाईक किंवा एजन्सी मिळते, तिथं कामाच्या रकमेवर कमिशन नाही, म्हणून 0.

एक नोंद करून बघू. ‘ख’नं फाइव्हरवर 500 शब्दांना 10 डॉलर लिहिलेत. 10 गुणिले 0.80 म्हणजे 8 डॉलर, गुणिले 85 म्हणजे 680 रुपये, भागिले 500 म्हणजे शब्दाला 1 रुपया 36 पैसे. आपल्या तळभावाच्या खाली. इथं लगेच ‘बाजार बिघडवतो’ असा निष्कर्ष काढू नका. तो तासाला 350 शब्द करत असेल तर त्याला तासाला 476 रुपये सुटतात, म्हणजे आपल्या 350 पेक्षा जास्त. त्याचा भाव त्याच्या वेगावर उभा आहे. आपला वेग तेवढा नसेल तर त्याच्या भावाला हात लावण्यात आपला तोटाच आहे.

तपासा: शीटमधल्या प्रत्येक ओळीला E रकाना भरलाय का? रिकामा असेल तर ती ओळ तुलनेतून बाहेर.

## टप्पा 4: लिहिलेला भाव आणि मिळालेला भाव वेगळे करा

प्रोफाइलवर भाव कोणीही कितीही लिहू शकतं. तो भाव कोणी दिला का, हे कामाच्या इतिहासात दिसतं.

‘ग’चं उदाहरण घ्या. अपवर्कवर तासाला 15 डॉलर लिहिलेत. 10 टक्के कमिशन जाऊन साडेतेरा डॉलर, म्हणजे 1,147 रुपये तास. आपल्या वेगानं, म्हणजे तासाला 222 शब्द धरून, हा भाव शब्दाला पाच रुपयांच्या वर जातो. आकडा बघून कोणालाही वाटेल की आपणही बारा-तेरा डॉलर लावावेत. पण खाली उतरून कामाचा इतिहास वाचा. तिथं एक पूर्ण झालेलं ठरीव रकमेचं काम दिसतं: 3000 शब्द, 75 डॉलर. 75 मधून 10 टक्के गेले, उरले साडेसदुसष्ट. रुपयांत 5,737. भागिले 3000 म्हणजे शब्दाला 1 रुपया 91 पैसे. वरच्या पाच रुपयांचा आणि या पावणेदोन-दोन रुपयांचा माणूस एकच आहे. आपल्या शीटमध्ये 1.91 लिहायचे, 5 नाहीत.

अपवर्कवर झालेल्या कामांच्या रकमा बहुधा दिसतात, पण काही जण कमाई झाकून ठेवतात. फाइव्हरवर रिव्ह्यूखाली अनेकदा किमतीची पट्टी आणि लागलेले दिवस दिसतात. नेमका आकडा नसला तरी गिऱ्हाईकं सगळ्यात छोटं पॅकेज घेतायत की वरचं, हे त्यावरून ओळखता येतं. पानावर ठळक दिसणारा ‘पासून सुरू’ भाव बहुतेक वेळा सगळ्यात छोट्या पॅकेजचा असतो. प्रोझवर भाषाजोडीनुसार सरासरी दर दाखवणारं एक पान आहे, ते अनुवादकांनी स्वतः भरलेल्या दरांवरून बनतं. म्हणजे ‘मागतात किती’ हे त्यातून कळतं, ‘मिळतात किती’ हे नाही.

रिव्ह्यूच्या तारखा वाचायला विसरू नका. एखाद्याला 200 रिव्ह्यू आहेत आणि भाव चढा आहे, पण त्यातले 180 तीन वर्षांपूर्वीचे असतील, तर ते जुन्या कमी भावात मिळवलेले असण्याची शक्यता मोठी. गेल्या सहा महिन्यांत किती आले तेवढेच मोजा. सहा महिन्यांत दोन आले असतील, तर आजच्या भावाला पुरावा दोनच कामांचा आहे.

आता प्रत्येक ओळीसमोर तीनपैकी एक खूण करा: मिळालेला (गेल्या सहा महिन्यांतल्या कामाचा पुरावा आहे), मागितलेला (फक्त लिहिलाय), एजन्सी. समजा, उदाहरणातल्या पंधरापैकी सहाच ओळी ‘मिळालेला’मध्ये आल्या, 1.36 पासून 2.60 पर्यंत. यापुढे भाव ठरवताना या सहांकडेच बघायचं. सहा ओळी कमी वाटतील, पण पुरावा नसलेल्या नऊ आकड्यांपेक्षा त्यांच्यावर जास्त भरवसा ठेवता येतो.

## टप्पा 5: भावाआधी जागा शोधा

आपल्याकडे आता तळभाव 1.60 आहे आणि मिळालेले भाव 1.36 ते 2.60. सगळ्यांसारखा ‘कोणताही मजकूर’ घेऊन 1.60 ला बसलं तर खाली वेगवान माणसं आहेत आणि वर जुने रिव्ह्यूवाले. मधली जागा अडचणीची आहे. म्हणून पट्टीच्या वरच्या अर्ध्या भागात मिळालेले भाव कोणत्या कामाचे आहेत ते बघा. उदाहरणात ते वैद्यकीय संमतीपत्रं, सॉफ्टवेअरचे मेनू आणि शेतीसल्ल्याचा मजकूर यांचे निघाले असं धरू.

शेती हा विषय बहुतेक प्रोफाइलांच्या यादीत असतो, पण कायदा, वैद्यक, पर्यटन, गेम्स यांच्या रांगेत एक शब्द म्हणून. यादी सोडा, नमुने वाचा. कापसावरच्या इंग्रजी मजकुरात ‘स्क्वेअर’ म्हणजे कळी, आपल्याकडे तिला पाती म्हणतात. ‘स्क्वेअर शेडिंग’ म्हणजे पातेगळ. हे माहीत नसलेला अनुवादक तिथं ‘चौकोन’ लिहून मोकळा होतो आणि शेतकऱ्याला वाक्याचा अर्थच लागत नाही. ‘फेरोमोन ट्रॅप’ला कामगंध सापळा, सोयाबीनच्या ‘गर्डल बीटल’ला चक्री भुंगा, तुरीच्या ‘विल्ट’ला मर. हे शब्द दारव्ह्याच्या बाईला कोशात शोधावे लागत नाहीत, ती ते वावरात रोज ऐकते. अशा एका चुकीच्या शब्दावरून दुसऱ्याच्या नमुन्यातली उणीव ओळखता येते, आणि आपण काय द्यायचं तेही कळतं.

पण रोजच्या बोलण्यातला प्रत्येक शब्द चालेल असंही नाही. विदर्भात पऱ्हाटी म्हणतात, छापील सल्ल्यात कपाशी असते. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था यांच्या मराठी प्रकाशनांत कोणता शब्द वापरलाय तो बघा, आणि गिऱ्हाईकाला दोन्ही सांगा: छापील शब्द हा, गावात म्हणतात तो हा. ही शब्दसूची देणारं प्रोफाइल त्या पंधरांत एकही नसेल, तर तीच आपली जागा.

जागा पक्की करण्याआधी मागणी आहे का ते बघा. ‘कोणीच करत नाही’ याचं एक कारण ‘कोणालाच नको आहे’ हेही असू शकतं. कामाच्या जाहिरातींत गेल्या दोन-तीन महिन्यांत त्या विषयाची निदान चार-पाच कामं दिसली पाहिजेत, किंवा ‘मिळालेला’ खूण असलेल्या दोन ओळींत तरी तो विषय आला पाहिजे. तसं नसेल तर दुसरी जागा बघा.

इशारा: नमुना म्हणून जुन्या गिऱ्हाईकाची फाइल कधीच लावू नका, नाव खोडूनसुद्धा. दोनशे शब्दांचा इंग्रजी उतारा स्वतः लिहा, समजा गुलाबी बोंडअळीच्या पाहणीवर, आणि त्याचा अनुवाद शेजारी ठेवा. दुसऱ्याच्या प्रोफाइलमधली वाक्यं उचलणंही तितकंच चुकीचं. ज्या गिऱ्हाईकानं दोन्ही पानं बघितली, ते परत येत नाही.

## टप्पा 6: भाव बसवा आणि तो कशाचा आहे ते लिहा

आपल्या जागेसाठी हाती पडायचा भाव 2.20 ठरवू. तळभावाच्या बराच वर आहे, आणि मिळालेल्या पट्टीच्या आतच आहे. या भावात 21,000 रुपयांसाठी महिन्याला साधारण साडेनऊ हजार शब्दांचं काम लागतं. 1.60 ला तेरा हजारांच्या वर लागलं असतं.

मंचावर टाकताना कमिशन उलटं काढा. हाती 2.20 हवे असतील आणि कमिशन 20 टक्के असेल, तर 2.20 भागिले 0.80, म्हणजे 2.75. पुष्कळ जण 2.20 मध्ये 20 टक्के मिळवून 2.64 लिहितात. मग कमिशन जाऊन हाती 2.11 येतात. शब्दाला नऊ पैसे म्हणजे 10,000 शब्दांवर जवळपास 900 रुपये, आणि ते कुठं गेले ते कळतही नाही. फाइव्हरवर 500 शब्दांचं पॅकेज 16 डॉलरला ठेवलं तर हाती शब्दाला साधारण 2 रुपये 18 पैसे पडतात, तेवढं ठीक आहे.

शेजारी ‘ख’ 10 डॉलरला उभा असताना आपले 16 का, याचं उत्तर पहिल्या तीन ओळींत दिसलं पाहिजे. ‘दर्जेदार सेवा, वाजवी दर’ असं लिहून काहीच कळत नाही, ते सगळ्यांच्याच पानावर आहे. काय मिळेल ते मोजून लिहा:

> कापूस, सोयाबीन, तूर आणि संत्र्यावरचा शेतीसल्ला इंग्रजीतून मराठीत. 500 शब्द, 2 दिवसांत. सोबत 20 पीकशब्दांची सूची: छापील शब्द आणि विदर्भात बोलला जाणारा शब्द. एक दुरुस्ती याच भावात.

गिऱ्हाईक अमराठी असेल तर हाच मजकूर इंग्रजीत ठेवावा लागेल, पण आकडे तेच.

दोन दिवस मुद्दाम लिहिले आहेत. बऱ्याच प्रोफाइलांवर ‘24 तासांत’ असतं आणि तेही उचलायचा मोह होतो. पण जुलैच्या झडीत रात्रभर वीज गेली, टॉवरही बंद पडला, तर फाइव्हरवर मुदतीचं घड्याळ थांबत नाही आणि उशिराची नोंद आपल्या नावावर चढते. आपल्या गावातल्या गेल्या पावसाळ्यातली सगळ्यात लांब वीज-बंदी आठवा, ती मुदतीत बसवा आणि मगच दिवस लिहा. घाईचं काम हवं असेल तर त्याचा भाव वेगळा ठेवा.

छोट्या कामासाठी किमान रक्कमही ठेवा. पन्नास शब्दांच्या कामालाही मेल, फाइल, बिल यांचा वेळ लागतोच, तेव्हा तासाच्या 350 रुपयांखाली कुठलंच काम घेऊ नका. उदाहरणात किमान 400 ठेवू. एजन्सीशी थेट बोलणी असतील तर टीडीएस कापणार का, पैसे किती दिवसांनी देणार, हे आधीच विचारा. कापलेला टीडीएस विवरणपत्र भरताना हिशेबात येतो, पण तोवर हाती रक्कम कमी असते. 60 दिवसांनी येणारे पैसे पेरणीच्या तोंडावर उपयोगी पडत नाहीत.

तपासा: पॅकेजमध्ये ‘अमर्याद दुरुस्त्या’ लिहिलंय का? काढून टाका. त्या ओळीमुळे साडेचार तासांचं काम सात तासांवर जातं आणि 2.20 चा भाव तळभावाच्या खाली येतो.

## टप्पा 7: दहा प्रस्तावांनंतर काय बदलायचं ते ठरवा

एका आठवड्यात उत्तर आलं नाही म्हणून भाव पाडू नका. नेमक्या आपल्या विषयातल्या कामांना दहा प्रस्ताव जाऊ द्या, आणि प्रत्येकाचं काय झालं ते शीटच्या दुसऱ्या पानावर लिहा. प्रस्ताव उघडलाच गेला नाही, तर अडचण शीर्षकात किंवा पहिल्या ओळीत आहे, तिथं भाव कमी करून काही होत नाही. उघडला, विचारणा झाली आणि भाव ऐकून समोरचा गप्प झाला, तर आपण चुकीच्या गिऱ्हाईकाकडे गेलोय किंवा भाव जास्त आहे. असं दहापैकी चार-पाच वेळा झालं तरच भावाकडे वळा. चाचणी-अनुवादानंतर नकार आला, तर कारण विचारून घ्या. तिथं प्रश्न बहुधा मजकुराचा असतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला. शीर्षक, भाव आणि नमुना एकदम बदलले, तर पुढचं काम कशामुळे आलं ते कधीच कळणार नाही. भाव कमी करायचाच झाला तर शब्दसूची काढून कमी करा, म्हणजे कमी पैशांत कमी वस्तू. त्याच वस्तूचा भाव पाडला तर पुढच्या वेळी तेच गिऱ्हाईक आणखी पाडायला लावतं.

शीट दर चार महिन्यांनी नव्यानं भरा: तीच पंधरा प्रोफाइलं, शिवाय नवी तीन. शेतीच्या विषयात यातली एक फेरी मार्चमध्ये ठेवा, कारण खरिपाचे सल्ले, पत्रकं आणि व्हिडिओचा मजकूर पेरणीआधी तयार करावा लागतो. जूनमध्ये भाव बघायला बसलात तर तोवर ती कामं वाटून झालेली असतात, आणि तुमचे चार तासही तेव्हा वावरातच जाणार असतात.